आखाजीला घरच्या घरी एस्केप रूम : सहा वेगळ्या माणसांना सारखं काम मिळेल अशी कोडी कशी रचावीत

आखाजीला खान्देशातलं घर भरतं. सासरच्या लेकी माहेरी येतात, त्यांची मुलं येतात, पुण्या-नाशिकला शिकणारे येतात, आणि दुपारी आमरस-सांजोऱ्या झाल्यावर सगळ्यांना मिळून काहीतरी करायचं असतं. पत्ते मांडले की चौघे खेळतात आणि बाकीचे बघतात. अशा वेळी एस्केप रूम हा खेळ फार चांगला जमतो. एक खोली, ठरलेला वेळ, लपवलेली कोडी आणि शेवटी उघडायची एक पेटी एवढंच लागतं. जपानमध्ये क्योटोला ताकाओ कातो यांनी २००७ मध्ये हा प्रकार प्रत्यक्ष खोलीत खेळायला आणला. आता तो जगभर पैसे देऊन खेळतात, पण घरी तो पुठ्ठा, दोरी आणि तीन कुलपांत बसतो.

अडचण एकच असते. गटातला एक जण, बहुधा इंजिनिअरिंगला असलेला भाऊ, प्रत्येक चिठ्ठी हातात घेतो, सोडवतो आणि पुढे पळतो. आजी पलंगावर बसून राहते, लहान मुलगी मागे मागे फिरते. त्या भावाला गप्प बस म्हणून हे सुटत नाही, कारण दोष त्याचा नसून कोडी एकापुढे एक लावण्याच्या पद्धतीचा आहे. ती पद्धत कशी बदलायची तेच इथे सांगतो.

पंचेचाळीस मिनिटांचा आणि सहा माणसांचा खेळ धरू. आजी (वाचन कमी, हाताची पारख पक्की), आडतीच्या हिशोबात मुरलेले काका, फारसं न बोलणाऱ्या काकू, आत्याचा इंजिनिअरिंगचा मुलगा, दहावीतला मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. जागा म्हणजे धाब्याच्या घरातली एक मोठी खोली. वैशाखात बाहेर पारा चव्वेचाळीसवर असला तरी मातीच्या धाब्याखाली बसवतं.

आधी वाटा मोजा, मग कोडी शोधा

बहुतेक जण उलटं करतात. इंटरनेटवरून दहा छान कोडी गोळा करतात आणि एकापुढे एक लावतात. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याचं कुलूप उघडतं, दुसऱ्याचं तिसऱ्याचं. अशा एकाच वाटेवर कोणत्याही क्षणी खोलीत एकच काम चालू असतं. एका कामापुढे सहा माणसं उभी राहिली की सर्वांत वेगवान माणूस ते करतो आणि पाच जण बघतात. कॅनडातले अभ्यासक स्कॉट निकल्सन यांनी २०१५ मध्ये १७५ एस्केप रूमची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांनी नोंदवलेल्या रचनांमध्ये अशी एकामागून एक रांग होती, सगळं एकदम खुलं असणारा प्रकार होता, आणि एकाच वेळी चालणाऱ्या अनेक वाटा शेवटी एका कोड्यात मिळण्याचा प्रकारही होता. मिश्र गटासाठी हा शेवटचाच घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

वाटा किती? माणसं भागिले दोन. सहा जणांना तीन वाटा, चौघांना दोन, आठ जणांना चार. प्रत्येक वाटेवर दोन जागा असाव्यात, म्हणजे ते काम दोन माणसांशिवाय पुढे सरकू नये. एक जागा ठेवली तर माणूस एकटा पडतो. तीन ठेवल्या तर तिसरा बघ्या होतो.

वेळेची वाटणी साधी ठेवा. पहिली आठ मिनिटं सगळे मिळून शोधाशोध, मधली वीस-बावीस मिनिटं तीन वाटा, शेवटची सहा-सात मिनिटं पुन्हा सगळे एकत्र. उरलेला वेळ अडखळण्यासाठी मोकळा सोडा.

सुरुवात : शोधाशोध

सुरुवातीलाच डोकं चालवायला लावलं तर गटातला क्रम पहिल्या मिनिटात ठरून जातो आणि मग मोडत नाही. शोधाशोधीत मात्र नऊ वर्षांची मुलगी आणि काका यांच्यात फरक राहत नाही. याच खोलीचा एखादा फोटो मोठ्या कागदावर छापून घ्या, त्यावर तीन जागी रंगाच्या खुणा करा, पुठ्ठ्यावर चिकटवा आणि त्याचे बारा तुकडे करा. माणशी दोन हे प्रमाण ठेवा. सहाच तुकडे ठेवले तर चपळ पोरं तेवढे एका मिनिटात उचलतात.

तुकडे लपवताना दोन गोष्टी पाळा. आजी-काकूंना वाकावं किंवा स्टुलावर चढावं लागू नये म्हणून निम्मे तुकडे कंबर ते खांदा या उंचीत ठेवा. आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी हात घालायला लावू नका. जुन्या घरात उन्हाळ्यात भिंतीच्या फटीत, सरपणात, गोणपाटाखाली विंचू निघतो. खोली आदल्या दिवशी झाडून, सामान हलवून बघा आणि तुकडे फक्त उघड्या जागी ठेवा, जसे उशीच्या अभ्र्याखाली, कॅलेंडरमागे, ताटाच्या तळाशी.

प्रत्येक तुकड्यामागे रंगाचा ठिपका असू द्या : चार लाल, चार हिरवे, चार पिवळे. फोटो जुळला की त्यात खोलीतल्या तीन जागांवर त्याच रंगांच्या खुणा दिसतात, म्हणजे धान्याची टोपली, कोठी आणि समोरची भिंत. इथून गट आपोआप फुटतो. कोणी कुठे जायचं हे तुम्ही सांगू नका.

पहिली वाट : पुरचुंड्या

टोपलीत सहा पुरचुंड्या ठेवा, तोंड शिवून बंद केलेल्या. आत ज्वारी, बाजरी, उडीद, हरभरा, शेंगदाणे आणि खडे मीठ. प्रत्येकीवर मोठा अंक. टोपलीच्या मागे मोठ्या पुठ्ठ्यावर लिहा : "कळणा दळायला बसलो. सगळ्यांत जास्त काय घेऊ, त्याहून कमी काय, आणि चवीपुरतं काय?" उत्तर ज्वारी, उडीद, मीठ. त्या पुरचुंड्यांवर ७, २ आणि ५ असतील तर कुलपाचा आकडा ७२५.

वाचणारा एक आणि चाचपणारा एक, अशा इथे दोन जागा आहेत. आजी पुरचुंडी बोटांत फिरवते आणि "हाई ज्वारी शे" म्हणून बाजूला ठेवते. ज्वारीचा दाणा गोल आणि टपोरा, बाजरीचा बारीक आणि एका टोकाला निमुळता, हरभऱ्याला चोच, मिठाला कोपरे. इंजिनिअरिंगच्या मुलाला हेच करायला चार-पाच मिनिटं लागतात, पण त्यालाही ते जमतं. हे महत्त्वाचं आहे. ज्याला आयुष्याने हे शिकवलं त्याला ते पटकन यावं आणि ज्याला शिकवलं नाही त्यालाही उशिरा का होईना यावं. म्हणून कळणा ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी खोलीत दुसरा रस्ता ठेवा. वाण्याच्या यादीसारखा एक कागद भिंतीवर असू द्या : "कळण्यासाठी : ज्वारी चार पायली, उडीद एक पायली, मीठ." तो शोधायला वेळ लागतो, पण कोडं अडत नाही. फक्त एकाच माणसाच्या डोक्यात उत्तर असेल आणि तो माणूस नेमका चहा करायला गेला असेल तर अख्खा खेळ थांबतो.

पुरचुंडीत मूग आणि उडीद दोन्ही घालू नका. बोटांना ते जवळजवळ सारखे लागतात, जाणत्या बाईलाही खात्री देता येत नाही, आणि मग कोडं नुसता अंदाज होऊन बसतं. दोन धान्यांत आकाराचा किंवा मापाचा ठळक फरक असला पाहिजे. कापड मांजरपाटाचं जाड घ्या. पातळ मलमलीतून दाणे दिसतात.

दुसरी वाट : कोठीमागचा तक्ता

कोठी भिंतीपासून दीड फुटावर सरकवा आणि तिच्यामागे, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, सोळा घरांचा तक्ता चिकटवा. चार ओळी, प्रत्येकीत चार घरं. त्यातल्या तीन घरांत ठिपके आहेत : एकात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाटावर तसाच सोळा घरांचा तक्ता, पण त्यात ठिपक्यांऐवजी अंक. कोठीमागे लहान मूलच सहज मावतं. मुलगी सांगते आणि दहावीतला मुलगा पाटावर तेच घर शोधतो. एक ठिपक्याच्या घरातला अंक पहिला, दोनाच्या घरातला दुसरा, तीनाच्या घरातला तिसरा.

कोड्याची खरी गंमत दिशेत आहे. दोन्ही तक्त्यांच्या एका कोपऱ्यात आंबा काढा, पण पाटावरचा तक्ता उलटा फिरवून चिकटवा. मुलगी "वरून दुसरी ओळ" म्हणाली की उत्तर चुकतं. "आंब्याच्या ओळीपासून मोजून दुसरी ओळ, मग आंब्याच्या बाजूने तिसरं घर" म्हणाली की बरोबर येतं. हे कळायला तिला आणि त्या मुलाला एकमेकांना प्रश्न विचारावे लागतात. तो एकटा हुशार असून उपयोग नाही, कारण त्याला तक्ता दिसत नाही. ती एकटी चपळ असून उपयोग नाही, कारण तिच्याकडे अंक नाहीत.

माहिती दोन ठिकाणी तोडून ठेवण्याची ही युक्ती मला सगळ्यांत भरवशाची वाटते. एका गोष्टीची मात्र खात्री करा. तक्ते दोन्हीकडे पक्के चिकटवलेले असावेत. सुटा कागद ठेवलात तर कोणीतरी तो काढून आणून शेजारी ठेवतो आणि दोन जागांची वाट एका जागेची होते. मोबाइल बाहेर टोपलीत ठेवायला सांगा, नाहीतर फोटो काढला की तेच होतं. आणि मुलगी कोठीमागे असताना कोठी हलणार नाही एवढी भरलेली किंवा टेकू दिलेली असू द्या.

तिसरी वाट : कापसाच्या गाड्या

समोरच्या भिंतीवर डावीकडे वजनाच्या तीन पावत्या. त्यावर भरलेल्या गाडीचं वजन किलोत आणि गाडीची ओळख, म्हणजे बैलांच्या शिंगांचा रंग. पोळ्याला रंगवतात तसे लाल, निळे, पिवळे. उजवीकडे, सात-आठ फुटांवर, बैलजोड्यांची तीन चित्रं आणि प्रत्येकाखाली रिकाम्या गाडीचं वजन. प्रश्न एवढाच : तिन्ही गाड्यांत मिळून कापूस किती?

लाल शिंगांची भरलेली गाडी ६१०, रिकामी ३६५, म्हणजे कापूस २४५ किलो. निळ्याची ५४५ वजा ३५०, म्हणजे १९५. पिवळ्याची ४९० वजा ३१५, म्हणजे १७५. बेरीज ६१५, आणि तोच कुलपाचा आकडा. काकांना हे तोंडी येतं. पण पावत्या आणि चित्रं एकमेकांपासून लांब असल्याने कोणीतरी आकडे वाचून सांगावे लागतात आणि कोणीतरी पाटीवर लिहावे लागतात. पाटी-खडू खोलीत आधीच ठेवा.

रंग ओळखायला अडचण येणारी माणसं असतात. म्हणून शिंगांच्या रंगाबरोबर गोंड्यांची संख्याही वेगळी काढा : एक, दोन, तीन. अक्षरं आणि आकडे दोन सेंटिमीटरहून उंच असावेत. चष्मा विसरलेल्या माणसाला खेळातून बाहेर काढायला बारीक अक्षर पुरेसं असतं.

कागदाचा आकार हलका समजू नका

तीन वाटा रचूनही कोणी बाजूला पडत असेल तर बहुतेक वेळा कारण कागद लहान असणं हे असतं. तळहाताएवढी चिठ्ठी ज्याच्या हातात जाते त्याचीच होते. बाकीचे त्याच्या खांद्यावरून डोकावतात आणि मग सोडून देतात. तीच माहिती वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढ्या पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावली की चार जण एकदम वाचतात आणि हातांना दुसरं काम करायला मोकळीक राहते. हातात घेता येण्याजोगी वस्तू पाहिजेच असेल तर ती माणसांएवढ्या संख्येत द्या. पुरचुंड्या सहा आहेत त्या याचसाठी.

तीन कुलपं आणि त्यांचा एक मोठा घोटाळा

बरेच जण एका कुलपाला तीन अंक ठेवतात आणि प्रत्येक वाटेतून एक अंक देतात. वरवर न्याय्य वाटतं, पण हिशोब करून बघा. दोन वाटा सुटल्या की तिसरा अंक शून्य ते नऊ यांपैकी एक असतो. दहा वेळा चाक फिरवलं की अर्ध्या मिनिटात कुलूप उघडतं. सर्वांत सावकाश चाललेल्या वाटेवरच्या माणसांचं काम त्या क्षणी वाया जातं, आणि बहुधा ती आजी आणि लहान मुलगीच असते.

म्हणून प्रत्येक वाटेला आपलं पूर्ण कुलूप द्या. पत्र्याच्या ट्रंकेला तीन साखळ्या वेगवेगळ्या गुंडाळा आणि प्रत्येकीला एक कुलूप लावा. शेताच्या फाटकाला दोन-तीन मालक एकाच साखळीत कुलपात कुलूप अडकवतात, तशी रचना इथे अजिबात करू नका. तिथे कोणतंही एक कुलूप उघडलं की साखळी सुटते. आपल्याला नेमकं उलट पाहिजे : तिन्ही सुटल्याशिवाय झाकण उघडू नये.

तीन चाकांच्या कुलपाचे हजार आकडे होतात. सेकंदाला एक या वेगाने कोणी चिकाटीने फिरवत बसलं तर जास्तीत जास्त सतरा मिनिटांत आकडा सापडतो, आणि सरासरी त्याच्या निम्म्यात. आपला मधला टप्पा वीस मिनिटांचा आहे, म्हणजे हे शक्य आहे. त्यावर सुरुवातीलाच नियम सांगा : एका कुलपावर सलग तीन चुकीचे आकडे लागले की त्या कुलपाला दोन मिनिटं हात लावायचा नाही.

नंबरची कुलपं विकत घेताना चाकं मोठी आहेत ना ते बघा. बॅगेला लावायच्या छोट्या कुलपाचे अंक चाळिशीनंतर दिसत नाहीत. काही कुलपांना आकडा बदलायची खीळ किंवा पिन असते. ती चुकून हलली तर कुलूप उघडं असताना चाकं फिरवणारा माणूस नकळत नवा आकडा बसवतो आणि पुढच्या गटाला कुलूप उघडतच नाही. त्या खिळेवर चिकटपट्टी लावा. खेळ सुरू होण्याआधी एक नकली कुलूप सगळ्यांच्या हातून एकदा उघडून घ्या. कुलूप चालवता न येणं हे कोडं नव्हे.

आजीला धान्य, काकांना हिशोब असं ठरवून टाकू नका

वाटा रचताना तुम्ही विशिष्ट माणसं डोळ्यांपुढे ठेवता, आणि ठेवलीच पाहिजेत. पण खेळताना कोणाला कोणत्या वाटेवर पाठवू नका. "आजी, तुम्ही इकडे, हे तुमचं" असं म्हटलं की आजीला लगेच समजतं की आपल्यासाठी सोपं काहीतरी ठेवलंय. शिवाय अंदाज चुकतो. न बोलणाऱ्या काकू तोंडी बेरजेत काकांच्या पुढे असू शकतात आणि दहावीतल्या मुलाला धान्य हाताळायला आवडू शकतं. प्रत्येक वाटेवर वेगळ्या स्वभावाच्या दोन जागा असल्या (वाचणं आणि चाचपणं, सांगणं आणि मांडणं, शोधणं आणि मोजणं) की माणसं आपली जागा स्वतः शोधतात.

एक वाट आधी सुटणारच. तिथले दोघे रिकामे झाले की दुसऱ्या वाटेवर जाऊन गर्दी करतात आणि तिथल्या सावकाश माणसाच्या हातातलं काम घेतात. यावर उपाय असा : कुलूप उघडलं की खेळ चालवणाऱ्याने त्या दोघांना एक पाकीट द्यावं. त्यात दुसऱ्या वाटेला उपयोगी पडेल अशी एकच गोष्ट असते. पावत्यांच्या वाटेसाठी एक बेरीज तपासायची ताळ्याची खूण, किंवा तक्त्याच्या वाटेसाठी "आंबा कुठे आहे बघा" एवढी ओळ. त्यामुळे ते मदत घेऊन जातात, ताबा घेऊन नाही.

खुणा देणारा माणूस

खोलीत एक जण खेळ चालवणारा हवा. त्याने कोडी सोडवायची नाहीत, फक्त बघायचं. एका वाटेवर तीन-चार मिनिटं काहीच हललं नाही तर खूण द्यावी. खूण मोठ्याने सगळ्या खोलीला सांगू नका. चिठ्ठी करून त्या क्षणी ज्याच्या हातात काही नाही त्याला द्या. तो ती घेऊन वाटेवर जातो आणि आत शिरायला त्याच्याकडे काहीतरी असतं. ज्याला वाचता येत नाही त्याला चित्राची खूण द्या. कोठीमागच्या वाटेसाठी आंब्याचं चित्र पुरतं.

शेवट सगळ्यांच्या हातांचा

तिन्ही साखळ्या सुटल्या की ट्रंकेत सहा बांबूच्या कामट्या निघतात, प्रत्येकी दोन-अडीच फूट लांब. सगळ्या शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यावर लांबीच्या दिशेने एक वाक्य मोठ्या अक्षरांत रंगवा, म्हणजे प्रत्येक अक्षराचे तुकडे सहा कामट्यांवर विभागले जातात. सुट्या झाल्यावर काही वाचता येत नाही. एकेकाने एकेक उचलली आणि पुढे-मागे सरकवत जुळवली की वाक्य दिसतं : "झोक्याच्या पाटाखाली बघा." एकटा माणूस हे जमिनीवर मांडून करू शकतो, पण ट्रंक उघडताच सहा हात सहा कामट्या उचलतात, त्यामुळे ते सहसा होत नाही. क्रमाची खूण देऊ नका, जुळवाजुळव हेच काम आहे.

आखाजीचा झोका अंगणात निंबाला बांधलेला असतोच. पाटाखाली पिशवीत लेकींसाठी बांगड्या ठेवा, मुलांसाठी आणखी काही. शेवट खोलीबाहेर नेण्याला एक कारणही आहे. खोलीचं दार कधीही कुलूपबंद करू नका. जानेवारी २०१९ मध्ये पोलंडमधल्या कोशालिन शहरात एका एस्केप रूमला आग लागली आणि आत खेळणाऱ्या पंधरा वर्षांच्या पाच मुली बाहेर पडू न शकल्याने मरण पावल्या. आपल्या खेळात उघडायची ती ट्रंक, दार नाही. दार नुसतं लोटून ठेवा, खोलीत दिवा-मेणबत्ती-उदबत्ती काही नको, आणि वीज गेली तर म्हणून बॅटरी दाराशी टांगून ठेवा. पाण्याचा माठ आतच असू द्या.

चाचणी घ्या आणि रिकामे हात मोजा

पाहुण्यांना खेळवण्याआधी शेजारच्या घरातल्या मिश्र वयाच्या माणसांना खेळवून बघा. मुलांनाच खेळवलंत तर काहीच कळणार नाही. कागदावर सहा नावं लिहा, आणि दर दोन मिनिटांनी प्रत्येकापुढे एक खूण करा : हाताने किंवा तोंडाने काम करतोय तर उभी रेघ, लक्ष देऊन बघतोय तर ठिपका, बाजूला आहे तर फुली. खेळ संपला की कोणाची रेघ कमी आहे ते बघा. किती वेळात सुटलं याला दुसरा क्रमांक द्या.

एखाद्या माणसापुढे लागोपाठ दोन फुल्या आल्या की त्या मिनिटाला खोलीत काय चालू होतं ते आठवा. समजा पावत्या भिंतीला लावायच्या राहिल्या, आणि दहाव्या व बाराव्या मिनिटाला काकूंपुढे फुली आहे. तेव्हा काका आणि इंजिनिअरिंगचा मुलगा पावत्या हातात धरून उभे होते आणि काकू त्यांच्या मागे. काकूंना गणित येत नाही असा याचा अर्थ घेऊ नका. पावत्या सुट्या होत्या, लहान होत्या आणि दोन पुरुषांच्या हातात होत्या. त्या मोठ्या करून भिंतीला लावा, चित्रं समोरच्या टोकाला न्या आणि पुन्हा खेळवा. आता कोणीतरी चित्रापाशी उभं राहून "निळ्याचं साडेतीनशे" असं ओरडून सांगावंच लागतं. ते काम बहुधा चित्राच्या जवळ उभी असलेली व्यक्ती करते, आणि फुलीच्या जागी रेघ येते.

सगळ्यांपुढे सारख्या रेघा येणार नाहीत आणि यायलाही नकोत. कोणाला बघत राहायला खरंच आवडतं. ठिपके चालतात. सलग फुल्या मात्र चालत नाहीत.

उलट बाजूही बघा. एकाच माणसापुढे तिन्ही वाटांवर रेघा असतील तर वाटा एकमेकींच्या फार जवळ आहेत. कोपरे बदला. तीन वाटांच्या मध्ये सात-आठ फूट अंतर असलं की धावणारा माणूस एका वाटेवर रुळतो. खोली लहानच असेल तर एक वाट ओट्यावर न्या.

दुसऱ्या फेरीची तयारी

एका घरात खेळ झाला की संध्याकाळपर्यंत गल्लीला उत्तरं माहीत होतात. दुसऱ्या दिवशी मामाच्या घरची मंडळी खेळणार असतील तर कोडी तीच ठेवून आकडे बदला. पुरचुंड्यांवरचे अंक चिकटपट्टीवर लिहिलेले असले तर दोन मिनिटांत अदलाबदल होते. पाटावरच्या तक्त्यातले अंक नव्याने लिहा, त्यावरचा आंबा दुसऱ्या कोपऱ्यात न्या. रिकाम्या गाड्यांची वजनं तीच ठेवून पावत्यांवरची तीन वजनं बदला आणि नवी बेरीज आधी स्वतः दोनदा करून बघा. मग तिन्ही कुलपांना नवे आकडे बसवा, प्रत्येक कुलूप बंद करून त्याच आकड्याने उघडून बघा, आणि मगच साखळीला लावा. पुरचुंडीची शिवण उसवली नाही ना तेही बघा. आजीने जोरात दाबली असेल तर बाजरी टोपलीभर झालेली असते, आणि ती दिसली की त्या वाटेचं अर्धं कोडं आधीच सुटलेलं असतं.